पाठ झाल्यावर समोर ठेवायच्या तीन वह्या

*सातपूरला आमची मराठी माध्यमाची, स्वयंअर्थसहाय्यित प्राथमिक शाळा आहे. मुलं बहुतेक एमआयडीसीत काम करणाऱ्यांची. गेल्या वर्षी तिसरी-चौथीसाठी एक शिक्षिका घेतली. डेमो पाठ इतका सुंदर झाला की समितीनं जागेवरच होकार दिला. दिवाळीपर्यंत लक्षात आलं, की निम्मा वर्ग मागे पडलाय आणि बाईंना त्याचा पत्ताच नाही. त्या आता सोडून गेल्या. तीच जागा पुन्हा भरायची आहे, आठ अर्ज आलेत. प्रश्न विचारले तर सगळेच छान उत्तरं देतात. मग डेमोशिवाय मी नेमकं काय पाहू?*
*— एक मुख्याध्यापिका, सातपूर, नाशिक*

बाई, नमस्कार.

उमेदवाराच्या हातात मुलांच्या वह्या द्या आणि त्या त्याला वाचता येतात का ते पाहा. माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा एवढाच आहे. बाकी जे लिहिते आहे ते हे कसं करायचं आणि त्यात कुठं फसायला होतं, याबद्दल.

डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या प्रत्येकानं सराव पाठ घेतलेले असतात. प्रस्तावनेचे प्रश्न, हेतूकथन, तक्ते, नेटकं फलकलेखन, शेवटी गृहपाठ. हा सगळा क्रम त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. त्यात काही गैर नाही, तेही शिकावंच लागतं. पण वीस-पंचवीस मिनिटांचा तो पाठ आधी बसवता येतो. शिवाय मागे मुख्याध्यापिका बसलेल्या असल्या की मुलंही शहाण्यासारखी वागतात. "समजलं का?" म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. तो "हो" उमेदवार खरा धरतो की त्याच्या मागे काय आहे ते शोधतो, हे पाठात उघड होत नाही. वर्षभर वर्ग चालतो तो या शोधण्यावर.

तुमची जागा तिसरी-चौथीची आहे म्हणून मी हातच्याच्या वजाबाकीचंच उदाहरण घेते. तुमच्याच शाळेतल्या चौथीच्या वह्यांमध्ये हे सापडेल. तीन मुलांची पानं निवडा, नावं झाका, झेरॉक्स काढा. छापील उत्तरपत्रिका नको. मुलांच्या हस्ताक्षरातली, खोडलेली, वर बारीक आकडे लिहिलेली पानंच हवीत, कारण त्या खोडाखोडीतच सगळं असतं. तिन्ही मुलांनी हीच चार गणितं सोडवलेली असावीत: 53 − 27, 61 − 38, 502 − 237 आणि 603 − 158.

समजा, पहिल्या मुलाची उत्तरं आहेत 34, 37, 335 आणि 555. चारही चूक. दुसऱ्याची आहेत 26, 23, 365 आणि 545. तिसऱ्याची 26, 23, 275 आणि 455. या दोघांची पहिली दोन बरोबर, पुढची दोन चूक. म्हणजे लाल पेनानं तपासलं तर पहिल्याला चारापैकी शून्य, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला सारखेच दोन-दोन गुण.

आता ही उत्तरं नीट वाचू. पहिलं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, वर कुठला आहे आणि खाली कुठला याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. 53 मधून 27 काढताना तीनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून तीन काढतं आणि चार लिहितं. 335 आणि 555 सुद्धा त्याच नियमानं आलेत. ते निष्काळजी नाही. उलट चारही गणितांत एकच नियम त्यानं इमानेइतबारे पाळलाय, फक्त नियम चुकीचा आहे. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हे वाक्य पहिली-दुसरीत आपणच त्याला दिलेलं असतं.

दुसऱ्या मुलाला हातचा येतो, पहिली दोन गणितं त्याची साक्ष देतात. अडचण मधल्या शून्यापाशी आहे. त्यानं शून्यावर 9 लिहिलेत, एककात 12 केलेत, पण शतकाचे 5 तसेच ठेवलेत. म्हणून 12 − 7 = 5, 9 − 3 = 6, 5 − 2 = 3. उत्तर 365. शतकाकडून घेतलं, पण शतक कमी केलं नाही.

तिसरं मूलही तिथंच अडलंय, पण दुसऱ्या पायरीवर. त्यानं शतकाचे 4 केले, शून्याचे 10 केले, एककाला 12 दिले, पण त्या 10 दशकांतला एक एककाकडे गेला हे विसरलं. म्हणून 10 − 3 = 7, 4 − 2 = 2. उत्तर 275. दुसऱ्याला 9 आठवले आणि 4 विसरले, तिसऱ्याला 4 आठवले आणि 9 विसरले. गुण सारखे, दुखणं वेगळं.

हे उमेदवारांसमोर कसं ठेवायचं ते सांगते. सगळ्या आठ जणांना एकाच खोलीत बसवा, प्रत्येकाला तीन पानं, एक लाल पेन, एक कोरा कागद द्या. वीस मिनिटं. सूचना एवढीच: "या वह्या तपासा, आणि उद्या सकाळी या प्रत्येक मुलाशी काय बोलाल, काय कराल, ते कागदावर चार ओळींत लिहा." चुकांचं कारण शोधा असं सांगू नका. सांगितलं तर सगळे शोधतील, आणि न सांगता कोण शोधतं तेच तर आपल्याला हवंय.

कागद गोळा केलेत की तुम्हाला साधारण तीन प्रकार दिसतील. काही जण फुल्या मारून शेजारी बरोबर उत्तर लिहितील, खाली "काळजीपूर्वक सोडव" किंवा "सराव कर" असा शेरा. काही जण "हातच्याची संकल्पना स्पष्ट नाही" असं तिन्ही मुलांसाठी एकच वाक्य लिहितील. ऐकायला ते शास्त्रशुद्ध वाटतं, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाच्या बाबतीत ते खोटं आहे, त्यांची पहिली दोन गणितं बरोबर आहेत. आणि एखादा-दुसरा असा निघेल की त्यानं पहिल्या वहीवर फुली न मारता तीन आणि सात यांच्याभोवती गोल केलाय आणि लिहिलंय, "याला विचारेन, तीन रुपये असताना सात कसे दिलेस?" त्या कागदापाशी थांबा.

पुढे प्रत्येकाला एकेकटं बोलावून पाच मिनिटं त्याच्याच कागदावर बोला. "पुन्हा समजावून सांगेन" असं लिहिलं असेल तर म्हणा, "मी ते मूल आहे, मला सांगा." इथं उमेदवार खऱ्या अर्थानं उघडा पडतो. फळ्यावरची तीच कृती सावकाश आणि मोठ्या आवाजात पुन्हा करून दाखवणारे बरेच असतात. चांगला शिक्षक हाताशी काही घेईल. नोटा-नाणी सगळ्यात सोपी. पाच शंभराच्या नोटा आणि दोन नाणी, त्यांतून 237 द्यायचेत. सुटे नाहीत, म्हणून शंभराची एक नोट मोडली, दहाच्या दहा नोटा आल्या. त्यांतली एक मोडून दहा नाणी केली. आता हातात चार शंभराच्या, नऊ दहाच्या, बारा नाणी. दुसऱ्या मुलाला "शंभराची नोट दिलीस ना, मग तुझ्याकडे पाच कशा?" आणि तिसऱ्याला "दहाची एक मोडलीस ना, मग दहा कशा उरल्या?" असं वेगवेगळं विचारणारा उमेदवार मिळाला तर त्याचा पाठ थोडा सपक झाला तरी चालेल.

एक जपा. पहिल्या वीस मिनिटांत काहीच न दिसलेल्याला लगेच बाद करू नका. परीक्षेच्या दडपणात, अनोळखी खोलीत, माणसाला समोरचं दिसत नाही. नुकतं डी.एल.एड. झालेल्या मुलामुलींना तर वहीकडे असं पाहायला कुणी शिकवलेलंच नसतं. त्यांना एकच प्रश्न विचारा: "502 मधून 237 वजा करताना या मुलानं मनात काय केलं असेल?" आणि गप्प राहा. एक मिनिट, दोन मिनिटं. जो कागद परत ओढतो, आकड्यांवरून बोट फिरवतो आणि "अरे, हे पाच तसेच राहिलेत" म्हणतो, तो शिकणारा आहे. ज्याचं उत्तर येतं "लक्ष नसेल", "घरी अभ्यास घेत नसतील", "पाया कच्चा आहे", त्याला मी पुन्हा एक वेगळी वही देते. दुसऱ्या वेळीही बोट मुलाच्या घराकडेच गेलं, तर तुमच्या वस्तीतल्या शाळेत त्या माणसाला घेऊ नका. कंपनीत शिफ्ट करून येणारे आईवडील अभ्यास घेऊ शकत नाहीत हे आपल्याला ठाऊकच आहे, त्यासाठीच आपली शाळा आहे.

माझ्या हातून याबाबतीत एक चूक झालेली आहे. शहरातल्याच एका शाळेच्या निवड समितीवर होते. एका मुलीचा पाठ अडखळत झाला, आवाज बारीक, फळ्यावर ओळ तिरकी गेली. पण पाठ संपल्यावर ती दाराशी घुटमळली आणि म्हणाली, "तिसऱ्या बाकावरच्या मुलानं माझं पाहून लिहिलं, त्याला आलेलं नाही. त्याच्या बाईंना सांगाल का?" आम्ही हसून "हो" म्हटलं आणि दुसऱ्या उमेदवाराला घेतलं, तिनं द्राक्षांचे घड आणून झकास पाठ घेतला होता. अनोळखी वर्गात वीस मिनिटांत एका मुलाची नक्कल जिच्या नजरेत भरली, तिला मी आवाज बारीक म्हणून घालवलं. तेव्हापासून पाठ संपल्यानंतरची दहा मिनिटं मी पाठापेक्षा जास्त जपते.

त्या दहा मिनिटांत करायचं ते असं. पाठ संपला की मुलांना चिठ्ठ्या वाटा, त्यावर दोन गणितं. एक नुकतंच शिकवलं तसंच, दुसरं थोडं वेगळं, म्हणजे पाठात 502 झालं असेल तर इथं 700 मधून वजा करायला द्या. गणितं तुम्ही ठरवायची, उमेदवारानं नाही. मुलं लिहीत असताना उमेदवाराला बाजूला घ्या आणि विचारा, "किती जणांची दोन्ही बरोबर येतील? आणि कोणाकोणाला जड जाईल? नावं नाही कळली तरी बाक दाखवा." तो आकडा त्याच्यासमोरच लिहून ठेवा. मग दोघं मिळून चिठ्ठ्या पाहा.

एकदा असं झालं. वर्गात चौतीस मुलं होती. पहिल्या उमेदवारानं तीस म्हटलं, निघाली एकोणीस. दुसरीनं दुसऱ्या तुकडीवर तेवढ्याच मुलांना शिकवलं, म्हणाली वीस, निघाली सतरा. शिवाय शेवटच्या बाकावरचे दोघं आणि खिडकीजवळची मुलगी तिनं आधीच दाखवली होती, तिघांचीही चुकली होती. एकोणीस आणि सतरा यांची तुलना करू नका, तुकड्या वेगळ्या आहेत, मुलं वेगळी आहेत. पाहायचं ते तीस आणि एकोणीस यांच्यातलं अंतर. आणि त्याहून महत्त्वाचं, ते अंतर समोर आल्यावर तोंडून काय निघतं. पहिला म्हणाला, "मुलं नवीन माणसाला बुजली असतील." दुसरीनं चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि चुकलेल्या वेगळ्या काढायला लागली, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अंदाज चुकणं हा दोष धरू नका. अनोळखी वर्गाचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो. पण वर्गातली निम्मी मुलं मागे असताना "सगळ्यांना आलं" असं मनापासून वाटणं, हेच तुमच्याकडे दिवाळीपर्यंत चाललं, आणि हा अंदाज ते पहिल्याच दिवशी दाखवून देतो.

पाठ चालू असताना तुम्ही कुठं बसता हेही बदला. समिती बहुधा मागे रांगेनं बसते आणि फळ्याकडे पाहते. तुम्ही बाजूला, मुलांच्या वह्या दिसतील अशा बसा. तीन मुलं आधीच ठरवा: एक पुढचं हुशार, एक कधीच हात वर न करणारं, आणि एक ज्याच्या घरी मराठी बोलत नाहीत किंवा वेगळी मराठी बोलतात. तुमच्याकडे खानदेशातून आलेली घरं बरीच असतील, उत्तरेकडून आलेलीही. पूर्ण वीस मिनिटं या तिघांकडेच पाहा. उमेदवाराची नजर त्यांच्याकडे किती वेळा गेली, त्यांनी वहीत काय लिहिलं, कुठं लिहिणं थांबलं.

भाषेचं एक उदाहरण देते. एका पाठात एक पोरगा उठून म्हणाला, "माले समजनं नही." उमेदवार म्हणाले, "आधी शुद्ध बोल बरं, मला समजलं नाही असं म्हण." पोरानं ते वाक्य म्हटलं, बसला आणि नंतर तासभर तोंड उघडलं नाही. त्याला काय समजलं नव्हतं ते कुणालाच कळलं नाही. तेच दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, "कुठपर्यंत समजलं? फळ्यावर बोट ठेव." त्यानं बरोबर शून्यावर बोट ठेवलं. चौथीतल्या मुलाला प्रमाण मराठी शिकवायची आहेच, पण ज्या क्षणी ते "समजलं नाही" म्हणण्याचं धाडस करतं त्या क्षणी नव्हे. उमेदवारानं तेव्हा काय निवडलं ते तुमच्या वहीत शब्दशः लिहून ठेवा.

वेळ असेल तर आणखी एक गोष्ट करा, मला ती फार उपयोगी पडली आहे. चिठ्ठ्यांमध्ये चुकलेली पाच मुलं घ्या, उमेदवाराला चहा द्या, अर्ध्या तासानं त्याच मुलांसोबत दहा मिनिटं बसवा. मध्ये तुम्ही एकच सूचना द्यायची, स्पष्ट आणि करता येण्याजोगी: "या वेळी तुम्ही कमी बोला, मुलांना मोठ्यानं विचार करू द्या." सूचना ऐकून मान सगळेच डोलावतात. त्या दहा मिनिटांत रीत बदलली, की तेच वाक्य पुन्हा आलं, हे पाहायचं. नोकरीवर घेतल्यावर तुमचं सांगणं या माणसापर्यंत पोचेल का, याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं. इथं पाठाचा दर्जा मोजू नका. बदलण्याच्या गडबडीत दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा विस्कळीतही होतो आणि ते चांगलं लक्षण असू शकतं.

तोंडी प्रश्नांबद्दल. "मागे पडलेल्या मुलांसाठी काय कराल?" असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं, त्यात उमेदवाराचा काय दोष? झालेलं विचारा. "गेल्या वर्षी तुमच्या वर्गात सगळ्यात मागे होतं त्या मुलाबद्दल सांगा. जूनमध्ये त्याला काय येत होतं, मार्चमध्ये काय यायला लागलं?" ज्यानं त्या मुलाकडे पाहिलंय तो नाव न घेताही बारीकसारीक सांगेल: बेरीज बोटांवर करायचा, जोडाक्षराला अडायचा, शनिवारी हमखास गैरहजर. ज्यानं पाहिलं नाही तो "मी जादा तास घेतले, पालकांना बोलावलं" असं सर्वसाधारण बोलेल. नवख्या उमेदवाराला सरावासाठी ज्या शाळेत पाठवलं होतं तिथल्या एका मुलाबद्दल विचारा. प्रश्न तोच. मग मात्र मध्ये न बोलता ऐका.

कागदपत्रांचं मी थोडक्यात लिहिते, कारण ती तुम्ही पाहणारच. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. (जुनं डी.एड.) आणि टीईटी पाहा. नुसत्या बी.एड.वर प्राथमिकची नेमणूक करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2023 चा निकाल तसा आहे. आठ अर्जांत बी.एड.वाले असतील तर त्यांना मुलाखतीला बोलावून त्यांचा दिवस घालवू नका. पोलिस पडताळणी झाल्याशिवाय वर्गावर पाठवू नका, कितीही घाई असली तरी. आणि आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा, क्लार्कला करायला सांगू नका. "कसे आहेत?" विचारलंत तर "चांगले आहेत" एवढंच ऐकू येईल. विचारा, "त्यांच्या वर्गावर पालकांच्या कोणत्या तक्रारी आल्या होत्या?" आणि "मुलांबरोबर एकटं ठेवायला तुम्ही त्यांना पुन्हा घ्याल का?" दुसऱ्या प्रश्नावर समोरचा थांबला तर त्या थांबण्याची दखल घ्या, आणखी एका ठिकाणी चौकशी करा. त्यावरून कुणाला दोषी ठरवायचं नाही, पण मुलांच्या बाबतीत शंका फिटल्याशिवाय पुढं जायचं नाही.

आता समितीचं. तुमच्याकडे गेल्या वेळी जागेवर होकार झाला तो पाठाच्या भरात झाला. म्हणून क्रम उलटा करा. सकाळी आधी वह्या. कागदांवर नावाऐवजी क्रमांक घाला आणि समितीतल्या दोघांनी ते वेगवेगळे वाचून, पाठ पाहण्याआधीच गुण देऊन पाकिटात बंद करून ठेवा. गोड पाठ पाहिल्यावर तोच कागद आपल्याला जास्त हुशार वाटायला लागतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलंय. आठांपैकी चौघांना पाठासाठी बोलावलंत तर दोन दिवसांत काम होतं, रोज दोन पाठ, वेगवेगळ्या तुकड्यांवर. पाठ झाल्यावर आधी प्रत्येकानं आपापल्या कागदावर काय दिसलं ते लिहायचं, मग बोलायचं. "आत्मविश्वास छान" हे लिहायला परवानगी नाही. "खिडकीजवळच्या मुलीकडे दोनदा गेल्या, तिची वही वाचली" असं लिहायचं. संस्थेचे अध्यक्ष किंवा सचिव बोलायला लागले की बाकीचे त्यांच्यामागे जातात, म्हणून त्यांना शेवटी बोलण्याची विनंती करा. तुमच्या अध्यक्षांना हे कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवाल, पण लिहिलेले कागद समोर असले की ते सांगणं सोपं होतं.

हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये, शाळा भरलेली असताना उरका. मे महिन्यात मुलं गावाला गेलेली असतात आणि मग समितीतलीच माणसं बाकांवर बसून मुलं होतात. मोठ्या माणसांसमोर घेतलेल्या पाठातून मला आजवर काहीही कळलेलं नाही. अगदीच वेळ टळली तर आसपासची पंधरा मुलं सकाळी बोलवा, आईवडिलांना सांगून, तासाभरासाठी. तेवढी पुरतात.

या सगळ्यातून काय कळणार नाही तेही मनात धरून ठेवा. माणूस वेळेवर येईल का, स्टाफरूममध्ये कसा राहील, जुलैच्या पावसात चाळीस ओली मुलं आणि दोन आजारी सहकारी असताना त्याचा तोल राहील का, हे कुठल्याही मुलाखतीत दिसत नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यात कायम जागेवर नेमलेल्याला दोन वर्षांचा परिविक्षा काळ आहे तो त्यासाठीच. पण त्या काळातही आपण पाठनिरीक्षणच करत बसतो, म्हणजे पुन्हा डेमोच पाहतो. त्यापेक्षा दर महिन्याच्या अखेरीला त्या वर्गातल्या सहा वह्या मागवा, दोन पुढच्या, दोन मधल्या, दोन मागच्या मुलांच्या, आणि नव्या बाईंसोबत बसून त्याच पद्धतीनं वाचा: कोण कुठं अडलंय, गेल्या महिन्यात कुठं होतं. जूनमध्ये सुरुवात केलीत तर ऑगस्टपर्यंत तुम्हाला चित्र कळेल, आणि ते सुधारायला वर्ष हातात असेल. काम समाधानकारक नाही असं म्हणायची वेळ आलीच तर तुमच्याकडे तारखेसह लिहिलेल्या नोंदीही असतील.

वह्यांची गणितं पुढच्या भरतीला बदला. नाशिकमध्ये उमेदवार एका शाळेतून दुसऱ्या शाळेत मुलाखती देत फिरतात आणि एकमेकांना सांगतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पुढच्या वेळी मराठीचं पान घ्या, चौथीच्या मुलानं लिहिलेल्या पाच ओळी, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह, आणि पाहा कोण फक्त वेलांट्या दुरुस्त करतं आणि कोण मुलानं काय सांगायचा प्रयत्न केलाय ते वाचतं.

एक काम मात्र निवड होवो न होवो, त्याच संध्याकाळी करा. दोन दिवस चार अनोळखी माणसांनी तुमच्या मुलांना वजाबाकी चार तऱ्हांनी शिकवलेली असेल. त्यातली काही जास्तच गोंधळली असतील. त्या चिठ्ठ्या फाइलला लावून ठेवू नका. चुकलेल्यांचे गठ्ठे करून वर्गशिक्षिकांच्या हातात द्या, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला तास त्यांना त्यासाठी मोकळा ठेवा.